मागे स्पीकर चालू असताना

कोजागरी झाली की पुरवणीच्या मेलवर चंद्राचे फोटो यायला लागतात आणि ते थेट दिवाळीपर्यंत येत राहतात. सोबत एक ओळ पाठवा, चार-पाच शब्दांत, असं आम्हीच सांगितलेलं असतं. त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. तरी एक सांगतो. फोटो दरवर्षी सुधारत चाललेत, ओळी मात्र दिवसेंदिवस एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटायला लागल्यात. शांत, नितळ, निःशब्द, आणि मग तीन टिंबं. टिंबांवर लोकांचा फार जीव.

यंदाचा एक फोटो मला खरोखर आवडला. भंडारदऱ्याचं धरण, पाणी तुपासारखं थिजलेलं, पलीकडे डोंगरांची काळी रांग आणि तिच्यावर उतरत आलेला चंद्र. ओळ होती, ‘निःशब्द रात्र... नितळ एकांत...’ फोटो छापायचा म्हणून पाठवणाऱ्याला फोन केला. पुण्यात शिकणारा मुलगा, बोलायला मोकळा. किती वाजता काढलास, विचारलं. “पहाटे पाचला, काका.” एकटाच होतास? तो हसायलाच लागला. “एकटा कुठला! टेंट कॅम्पिंगला गेलो होतो. मागे पन्नास-साठ तंबू. रात्रभर स्पीकर. दोनला कोणीतरी बंद करायला लावला, तर पहाटे परत सुरू.” वारा नव्हता वाटतं? “भन्नाट होता. जॅकेट घालून कुडकुडत होतो.” मग पाणी असं कसं? “ट्रायपॉडवर लावून वीस सेकंद शटर उघडं ठेवलं ना!”

आता त्याच्या ओळीकडे पुन्हा पाहा. निःशब्दाच्या जागी स्पीकर होता, एकांताच्या जागी साठ तंबू, आणि पाण्याला नितळपणा आला तो शटरमुळे. चारांपैकी एकटी रात्र तेवढी खरी.

या शटरबद्दल थोडं सांगायला हवं. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला लख्ख वाटतो, पण सूर्याच्या मानाने त्याचा उजेड सुमारे चार लाखावा हिस्सा. एवढ्याशा उजेडात डोंगर आणि पाणी दिसावं म्हणून कॅमेऱ्याला दहा, वीस, तीस सेकंद डोळा उघडा ठेवावा लागतो. त्या वेळात पाण्यावर शेकडो लाटा येऊन जातात. कॅमेरा त्या सगळ्या एकावर एक साठवतो, उंचवटे-खळगे एकमेकांत मिसळतात आणि उरतो एक गुळगुळीत पडदा. वारा जितका जोरात, तितका हा पडदा धुक्यासारखा. काठाजवळचे दगड पाण्यातून न उगवता धुरातून उगवल्यासारखे दिसले, किंवा बांधलेली होडी पुसट आणि तिच्या शेजारचा दगड स्पष्ट असला, की समजावं, पाणी हलत होतं. या मुलाच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक होडी आहे. तिची नाळ दोनदा उमटली आहे.

म्हणजे पोरगा खोटं बोलला का? मुळीच नाही. त्याला कदाचित खरंच तसं वाटलं असेल. मागे गोंगाट असताना समोरच्या चंद्राकडे पाहून आत काहीतरी निवणं, हा अनुभव खोटा म्हणण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न आहे तो त्याच्या मनातलं कुठल्या जागी लिहिलं गेलं, याचा. फोटोखालची ओळ ही साक्षीची जागा आहे. फोटोत जे आहे ते वाचक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि पटतं की नाही ते ठरवतो. जे चौकटीबाहेर राहिलं, ते कळायला त्याच्यापाशी या चार शब्दांखेरीज काही नसतं. तिथे ‘एकांत’ लिहिलं की वाचक तो एकांत घडलेला धरून चालतो. पुढच्या कोजागरीला त्या एकांताच्या शोधात तंबू बुक करतो. आणि तंबू साठाचे सत्तर होतात.

चंद्राच्या फोटोला ओळ कशी द्यावी याचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला नमुना अमेरिकेतला आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या छायाचित्रकाराचा 1941 सालचा फोटो. खाली गाव, छोटं चर्च, दफनभूमीतले पांढरे क्रूस. मागे बर्फाचे डोंगर, ढगांचा एक पट्टा आणि त्यावर जवळजवळ काळंभोर आकाश, मध्ये चंद्र. नाव एवढंच : चंद्रोदय, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको. काय आहे ते आणि कुठे आहे ते. बस्स. कोणी कसं वाटून घ्यायचं याबद्दल चकार शब्द नाही.

हा फोटो पाहताना वाटतं, जगात तो एक माणूस आणि तो एक चंद्र उरला असावा. प्रत्यक्षात अ‍ॅडम्स हमरस्त्याच्या कडेला होता. गाडीतून जाता जाता त्याला हे दृश्य दिसलं, त्याने गाडी बाजूला घेतली आणि सोबतच्या दोघांना सामान काढा, ट्रायपॉड काढा म्हणून ओरडत सुटला. दोघांतला एक त्याचा लहान मुलगा. उजेड मोजायचं मीटर काही केल्या सापडेना. पण चंद्राच्या पृष्ठभागाची प्रखरता त्याला पाठ होती, दर चौरस फुटाला 250 कँडल. त्या आकड्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत मावळतीचं ऊन क्रूसांवरून निघून गेलं. ही सगळी धांदल फोटोत कुठेच नाही, आणि ओळीतही नाही. मात्र तिथे एकांत होता, असंही ओळ म्हणत नाही.

मौज पुढेच आहे. चंद्राची प्रखरता पाठ असलेल्या या माणसाने तारीख लिहून ठेवली नव्हती. पुढे कधी 1940, कधी 1942, कधी 1944 अशी वेगवेगळी सालं तो सांगत राहिला. शेवटी ते कोडं सोडवायला ज्योतिर्विदांची मदत झाली. डोंगरांच्या आकारावरून कॅमेऱ्याची जागा आणि दिशा ठरते, आणि त्या जागेवरून चंद्र त्या उंचीवर, त्या दिशेला, तेवढ्या कलेचा फार थोड्या वेळा येतो. 1981 च्या सुमाराला डेव्हिड एल्मोर यांनी तारीख काढली, 31 ऑक्टोबर 1941. दहा वर्षांनी डेनिस डी चिको यांना तो हिशेब पटेना. त्यांनी नव्याने मांडणी केली आणि उत्तर आलं, 1 नोव्हेंबर 1941, दुपारचे चार वाजून 49 मिनिटं. पौर्णिमेला दोन दिवस होते. आपल्याकडे तेव्हा कार्तिक शुद्ध पक्ष चालू होता, त्रिपुरी पौर्णिमा तोंडावर आली होती.

चार वाजून 49 मिनिटं. म्हणजे सूर्य अजून आकाशात होता! मग आकाश काळं कसं? तर ते डार्करूममध्ये झालं. अ‍ॅडम्सने हयातभर या निगेटिव्हच्या शेकडो प्रती स्वतः छापल्या. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडं आहे, विरळ ढगही दिसतात. वर्षं गेली तसं तो ते गडद करत गेला, आणि ढग बुडून चंद्र एकटा राहिला. इथे चौकस वाचक मला धरेल : मग भंडारदऱ्याच्या मुलालाच का टोकता? त्याने पाणी थिजवलं, याने दिवसाची रात्र केली.

टोकणं रास्त आहे, आणि माझं उत्तर पुरतं समाधानकारक असेलच असं नाही. पण दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. अ‍ॅडम्सने ही कारागिरी कधी लपवली नाही. निगेटिव्ह कसं घेतलं, छापताना काय केलं, हे तो सविस्तर लिहीत आणि सांगत आला. शिवाय ओळीत त्याने ‘रात्र’ लिहिलं नाही. ‘चंद्रोदय’ हाही काटेकोर पाहिलं तर सैल शब्द आहे, कारण पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा चंद्र सूर्यास्ताच्या बराच आधी उगवतो, आणि फोटोत तो डोंगराच्या चांगलाच वर आलेला आहे. पण सैल शब्द वेगळा आणि खोटी हमी वेगळी. चित्राने जे मोठं केलं, त्याला ओळीने दुजोरा दिला नाही.

मुलाला मी पाणी पुन्हा हलतं कर म्हटलं नाही. लांब शटर ही रीतसर पद्धत आहे, चांदण्यातला डोंगर एरवी दिसणारच नाही. फक्त शटरने जे केलं ते पाण्याच्या नावावर मांडू नकोस, एवढंच म्हटलं. त्यावर त्याचा सवाल : “मग काय, ‘मागे स्पीकर चालू होता’ असं लिहू?” कल्पना वाईट नाही, पण त्याने फोटोचा विनोद होतो, आणि तो फोटो विनोदाचा नाही. आम्ही दोघांनी मिळून शब्द काढत नेले. ‘निःशब्द’ गेला. ‘नितळ’ गेला. ‘एकांत’ काढताना त्याला वाईट वाटलं. ‘रात्र’सुद्धा गेली, कारण रात्र दिसतेच आहे. जे दिसत नाही ते काय? चंद्र चढतो आहे की उतरतो आहे, हे नुसत्या फोटोवरून वाचकाला सहसा कळत नाही. वेळ कळत नाही. जागा ओळखीची असली तरच कळते. म्हणून ओळ झाली : ‘मावळता चंद्र. भंडारदरा, पहाटे पाच.’

ही ओळ वाचून कोणाला शांत वाटलं तर ते चंद्राचं श्रेय. पाच शब्दांनी त्याच्या आड येणं टाळलं, इतकंच.

सगळ्याच फोटोंचं इतक्या सहज भागत नाही. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या एका फोटोत देवळाचा कळस चांदण्यात न्हाऊन निघालेला होता आणि वरच्या चंद्रावरचे डाग न् डाग स्पष्ट होते. हे एका फोटोत होत नाही. चंद्रावर थेट ऊन पडलेलं असतं, त्याचे डाग टिपायचे तर शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढंच उघडावं लागतं, आणि तेवढ्यात कळस काळा पडतो. कळस दिसेपर्यंत थांबलं तर चंद्राचा पांढरा गोळा होतो, शिवाय तो सरकतो. दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो, म्हणजे वीस सेकंदांत सहाव्या हिश्श्याएवढा लांबट. पाठवणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, हो, दोन फोटो जोडलेत, क्लासमध्ये तसंच शिकवतात. ओळीत ते लिहूया म्हटल्यावर मात्र त्या नाराज झाल्या. “मग त्यातली मजाच जाते हो.” जाते, हे मलाही कबूल आहे. कळस, चंद्र, गावाचं नाव अशी सुरेख ओळ, आणि तिच्या शेवटी कंसात ‘दोन फोटो जोडून’. दाताखाली खडा आल्यासारखं होतं. ते तीन शब्द घालूनच आम्ही तो फोटो या अंकात छापला आहे, सातव्या पानावर.