डॉली झूम : भय कोणाचे?

भिंग बदलले की दृश्यातील खोली बदलते, ही समजूत चित्रपटसमीक्षेतही आढळते. वस्तुतः वस्तूंचे परस्परप्रमाण कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरते. भिंग फक्त चौकटीत किती भाग येईल एवढेच ठरवते. डॉली झूमची सारी किमया या भेदात आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफुले वेचणारी एक स्त्री कल्पावी. कॅमेरा तिच्यापासून २ मीटरवर आहे, भिंगाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर आहे आणि तिच्यामागे २० मीटरवर सागाचे झाड आहे. आता कॅमेरा रुळांवरून ८ मीटरपर्यंत मागे सरकतो आणि त्याच वेळी नाभीय अंतर त्याच प्रमाणात वाढत १०० मिलिमीटरवर येते. पडद्यावर स्त्री होती तेवढीच राहते, झाड मात्र तिपटीहून किंचित अधिक मोठे होऊन तिच्या पाठीशी येते. स्त्रीचा स्थिर आकार सांगतो की काहीच हलले नाही. मागचे जंगल याच्या उलट सांगते. प्रेक्षकाची अस्वस्थता या दोन साक्षींच्या विसंगतीतून येते. दोन्ही गतींचे प्रमाण चुकले की स्त्रीच फुगू-आकसू लागते आणि यंत्र उघडे पडते. मागे फक्त आकाश असेल तर वाढण्याजोगे काही उरत नाही आणि परिणामही साधत नाही.

परंतु ही अस्वस्थता कोणाची? हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) तिचा धनी निःसंदिग्ध आहे. तेथे चौकटीत माणूस नाही, केवळ जिना आहे (तोही आडवा ठेवलेला लहान नमुना), आणि प्रेक्षक उंचीला भिणाऱ्या स्कॉटीच्या डोळ्यांनी तो पाहतो. स्पीलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) कॅमेरा किनाऱ्यावर बसलेल्या ब्रॉडीकडे बाहेरून पाहतो, तरीही विकृत झालेला अवकाश ब्रॉडीच्या मनाचा म्हणून स्वीकारला जातो, कारण समुद्रातील हल्ला त्याने पाहिलेला असतो. कथनमीमांसेच्या भाषेत, निवेदन बाहेरचे आणि प्रत्यय पात्राचा.

वेचणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा आधारच नाहीसा होतो. या दोन जिल्ह्यांत मोहफुले वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना वाघाच्या हल्ल्यात माणसे मरण पावली आहेत. वाकलेल्या माणसाला मागचे दिसत नाही. त्याची नजर जमिनीवर असते. धोका आहे, पण त्या क्षणाचे भय त्याच्यापाशी नाही. दिग्दर्शकाने तेथे डॉली झूम योजला, तर तिने न पाहिलेले तिच्या नावावर जमा होते. शिवाय फुगत जाणारा साग धोक्याचे स्थान वाघाकडून साऱ्या जंगलाकडे हलवतो. हे जंगल तिच्या रोजच्या वहिवाटीचे आहे. तिला वाघाची भीती असेल, झाडांची नसते. झाडांचे भय पाहुण्याचे.

तिने मान वर केली, मागे वळून पाहिले आणि मग अवकाश ताणला गेला, तर गोष्ट वेगळी. तेथे प्रत्ययाला धनी आहे. एरवी स्थिर कॅमेऱ्यापुढे ती वाकलेली, टोपली अर्धी भरलेली, आणि साग २० मीटरवर, आहे तेवढाच. या चौकटीत अस्वस्थ होईल तो प्रेक्षक, आणि ती अस्वस्थता त्याची स्वतःची असेल.