वकीलपत्रावर नाव कुणाचं?

यवतमाळला वकिलांच्या एका मेळाव्यात जिल्ह्यातल्या एका नामवंत ज्येष्ठांनी आम्हा जुन्या वकिलांना सल्ला दिला. ज्युनिअर सांभाळा, त्यातला एखादा उद्या न्यायाधीश होईल, एखादा सरकारी वकील होईल आणि बाकीचे बारच्या निवडणुकीत आपल्या मागे उभे राहतील. टाळ्या पडल्या. मला ते तिथेच खटकलं. ज्याला शिकवायचं त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून वसुलीच्या नजरेने पाहणारा माणूस त्याला काय शिकवणार, हा माझा आक्षेप होता. तो मांडायला मी रानडे-गोखल्यांकडे वळलो आणि तिथे माझा आक्षेप जसाच्या तसा टिकला नाही.

या जोडीची आपण इतकी पूजा केली, की त्यांचं रोजचं काम काय होतं हे बघायचं राहून गेलं. 1887 च्या सुमारास गोपाळराव गोखले रानड्यांच्या हाताखाली आले तेव्हा ते विशीतले शिक्षक होते. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक त्यांच्याकडे आलं, पुढे सभेची चिटणिशीही. काम रुक्ष होतं. सरकारी अहवाल, जमाखर्चाची कोष्टकं आणि सारावसुलीचे आकडे वाचायचे, त्यांवरून सरकारकडे पाठवायच्या अर्जाचा मसुदा करायचा आणि तो रानड्यांपुढे ठेवायचा. रानडे प्रत्येक विधानाचा आधार विचारत आणि आधार लंगडा असेल तर मसुदा परत जाई. या अर्जांना सरकार धड उत्तरही देत नाही, अशी तक्रार गोपाळरावांनी केली, तेव्हा हे अर्ज नावाला सरकारसाठी आहेत, खरे ते आपल्या लोकांना विचार करायला शिकवण्यासाठी आहेत, अशा आशयाचं रानड्यांनी सांगितल्याची आठवण प्रसिद्धच आहे.

पण रानडे न्यायखात्यात होते. आकड्यांचे खरे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी शिक्षण खात्यात. दोघेही सरकारी नोकर, त्यामुळे त्रैमासिकातलं त्यांचं लेखन निनावी जाई. राज्यकर्त्यांच्या अर्थकारणावर उघड बोलायला त्यांना बाहेरचा माणूस हवा होता, आणि गोखले खासगी शिक्षणसंस्थेत होते. म्हणजे रानड्यांनाही गोखल्यांची गरज होती. ज्येष्ठांचं तेवढं म्हणणं मला मान्य करावं लागतं: शिकवणाऱ्याला साथीदार हवा असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फरक पडतो तो पुढे. 1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. लेखी निवेदनामागे रानडे आणि जोशी यांची मेहनत होती, पण तोंडी प्रश्नांना तोंड द्यायला ते तिथे नव्हते. उलट प्रश्न आला की पाठ केलेलं संपतं. आकडा कुठून आला, त्याची मर्यादा कोणती, हे स्वतः खणून काढलेलं असेल तोच तिथे उभा राहतो. गोखले उभे राहिले, आणि नाव गोखल्यांचं झालं.

त्याच वर्षी ते कोसळलेही. प्लेगच्या काळात पुण्यात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, त्यांनी इंग्लंडमध्ये विधानं केली. परतल्यावर पुरावा उभा करता येईना आणि जाहीर माफी मागावी लागली. मतांचा हिशेब करणाऱ्याने अशा शिष्याचं खातं तिथेच बंद केलं असतं. रानड्यांनी त्यांना टाकलं नाही. 1902 मध्ये गोखल्यांनी कलकत्त्याला अर्थसंकल्पावर पहिलं गाजलेलं भाषण केलं, तेव्हा रानडे जाऊन वर्ष उलटलं होतं.

शिष्य घडवण्याच्या या मार्गाची मर्यादाही रानड्यांच्याच बाबतीत दिसते. 1895 मध्ये सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि रानड्यांना पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढावी लागली. एक जाणकार तयार करायला दहा वर्षं लागतात. सभासदांचं बहुमत एका बैठकीत फिरतं. निवडणूक जिंकायला ज्युनिअर घडवणं हा फार महागडा उपाय आहे.

आता तालुका कोर्टाकडे येतो. आमच्याकडे बहुतेक ज्युनिअर तारखा घेतात, नकला काढतात, मुदतीचे अर्ज देतात. वाटणीच्या दाव्यात कैफियत त्याने लिहिली तरी वकीलपत्रावर त्याचं नाव नसतं, आणि पक्षकार त्याला 'साहेबांचा पोरगा' म्हणून ओळखतो. असा मुलगा पाच वर्षांनी निघून गेला तर तो साथीदार कसला होणार? मी वकीलपत्रावर त्याचं नाव घालतो. जुने सातबारे आणि फेरफार त्याच्यापुढे टाकतो. वारसनोंद कोणत्या फेरफाराने झाली, त्यात बहिणीचं नाव कुठे गळलं, हे त्याने शोधायचं. मग तलाठ्याची उलटतपासणी त्याने घ्यायची. मी शेजारी बसतो, उठत नाही. एखादा प्रश्न वाया जातो, पक्षकार माझ्याकडे बघतो, तेव्हा गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. म्हणून पहिल्यांदा कागदावर चालणारा साक्षीदार द्यायचा, वादी-प्रतिवादी नाही. शिकवण्याची किंमत पक्षकाराने मोजू नये.

छोट्या बारमध्ये हाच मुलगा उद्या समोरच्या बाजूने उभा राहतो. माझ्या कैफियतीतला कच्चा दुवा त्याला लगेच सापडतो, कारण तो शोधायला मीच शिकवलेलं असतं. त्या दिवशी दावा हातचा जाऊ शकतो. पण तडजोडीची वेळ आली की त्याने दाखवलेला कागद मी दोनदा तपासत नाही, आणि तोही माझा तपासत नाही.