उपवासाचं पान

एकादशीला घरी पाहुणे आले, की काहींचा उपवास असतो, काहींचा नसतो. अशा दिवशी ओटा पुसून साबुदाण्याची खिचडी आधी करावी, पोळ्यांची कणीक नंतर मळावी. फोडणी साजूक तूप, जिरं आणि हिरव्या मिरचीची. हिंग नको, बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणेवडे तळू नयेत. कोथिंबीर कुणाला उपवासाला चालते, कुणाला नाही. ती वाटीत वेगळी द्यावी. वाढताना भाताचा डाव खिचडीत गेला, तर उपवास करणाऱ्याचा हात पानावर थबकतो, पण संकोचापायी तो काही बोलत नाही. म्हणून खिचडीचा डाव वेगळा ठेवा आणि उपवासाची पानं आधी वाढा.