बसलेल्या दाराला पुन्हा बिजागरी?

उभा राहा. हा कागद तुझाच ना? “बिजागऱ्या ४५०, परचेस ऑर्डर पाचव्या आठवड्यात.” खाली दुहेरी रेघही मारली आहेस, जणू काही किल्ला सर केलास! एवढं सुबक अक्षर आणि एवढा चुकीचा हिशेब मी बऱ्याच दिवसांत एकत्र पाहिला नव्हता.

आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला १०० लोखंडी कपाटं पाठवायची आहेत. बिल ऑफ मटेरियल सांगतं, एका कपाटाला २ दारं आणि एका दाराला ३ बिजागऱ्या. तू काय केलंस? १०० गुणिले २ गुणिले ३, झाले ६००. स्टोअरमध्ये १५० पडल्यात, त्या वजा केल्या, उरल्या ४५०. हा गुणाकार पाचवीतलं पोरही करतं. त्यासाठी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत यायला नको होतं.

तयार कपाटं २० शिल्लक आहेत, ती तुझ्याच कागदावर वर लिहिली आहेत. त्यांना दारं नाहीत का? सुटी दारं ३० आहेत. आपल्याकडे बिजागरी रंगाआधी दारावर वेल्ड होते, हे तू महिनाभर शॉपमध्ये बघत होतास. मग त्या बसलेल्या दारांना पुन्हा बिजागऱ्या लावणार आहेस? वरच्या वस्तूच्या साठ्यात खालचा माल आधीच दडलेला असतो. म्हणून एका पायरीवर साठा वजा करायचा, आणि जे उरेल तेवढंच खालच्या पायरीवर न्यायचं. सगळं गुणून झाल्यावर तळाशी एकदाच वजाबाकी केली, की त्याला एमआरपी म्हणत नाहीत.

आता लिही. १०० वजा २० म्हणजे ८० कपाटं बनवायची. त्यांना १६० दारं लागतात, ३० आहेत, बनवायची १३०. त्यांना बिजागऱ्या ३९०. स्टोअरमधल्या १५० पैकी ५० सेफ्टी स्टॉकच्या, त्यांना हात लावायचा नाही, राहिल्या १००. आणखी १०० ची आधीची ऑर्डर चौथ्या आठवड्यात येतेय. ती ऑर्डरबुकात आहे. उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीस. तूट १९०, आणि विक्रेता १०० चा खोका फोडत नाही, म्हणून मागवायच्या २००. कुठे २०० आणि कुठे तुझे ४५०!

तारखेचा तर तू खूनच केलास. बिजागरी यायला ३ आठवडे लागतात म्हणून आठमधून तीन वजा केलेस. पण बिजागरी आठव्या आठवड्यात गाडीत चढवायची आहे का? कपाट जोडायला १ आठवडा, म्हणजे दारं सातव्याच्या सुरुवातीला हवीत. दारं बनायला २, म्हणजे बिजागऱ्या पाचव्याच्या सुरुवातीला हव्यात. तिथून ३ मागे जा: ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात. तुझा माल आठव्यात पोचेल, दाराचं काम तीन आठवडे अडून बसेल. वरातीमागून घोडं!

आणि हे काय लिहिलंयस? “गेल्या सहा महिन्यांच्या सरासरी खपानुसारही बिजागऱ्यांचा अंदाज घेता येईल.” जोसेफ ऑर्लिकी यांच्या १९७५ च्या पुस्तकाचा पायाच हा की कपाटाची मागणी बाजार ठरवतो, त्याचा अंदाज करावा, बिजागरीची मागणी कपाटच ठरवतं, ती मोजावी. वर्गात दोनदा सांगितलं होतं. तेव्हा खिडकीबाहेर काय चाललं होतं?

“मॅडम, सॉफ्टवेअर करेल की ते.” करेल ना! जे भरशील त्यावरच करेल. स्टोअरच्या वहीत दारं ३०. शुक्रवारी मी स्वतः मोजली, १८ भरली. १२ दारं वाकली म्हणून कोपऱ्यात टेकवून ठेवलीत, वहीतून कुणी कमी केलेली नाहीत. म्हणजे बनवायची १४२, बिजागऱ्या ४२६, तूट २२६, आणि दोनाऐवजी तीन खोके. वही तशीच ठेवली तर सातव्या आठवड्यात ६ कपाटं बिनदाराची उभी राहतील. सॉफ्टवेअर चकार शब्द काढणार नाही, त्याच्या मते दारं आहेत.

शिवाय त्याने सुचवलेली ऑर्डर ही सूचना असते. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात १४२ दारं वाकवायला प्रेस मोकळा आहे का, हे ते विचारतही नाही. ते सुपरवायझरला तू विचारायचंस. प्रेस अडलेला असला, तर दारं आधी सुरू करावी लागतील, आणि बिजागऱ्यांची तारीखही तेवढीच मागे सरकेल.

हा कागद घेऊन जा. स्टोअर सकाळी आठला उघडतं. आधी दारं मोजून ये, वाकलेली वेगळी. मग पहिल्या ओळीपासून लिही, पेनने, मला खाडाखोड दिसली पाहिजे.