वारा उशिरा दिसतो

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने 1937 साली ‘द ओल्ड मिल’ हा सुमारे नऊ मिनिटांचा कार्टूनपट काढला. त्यात नायक नाही, संवाद नाहीत. एक पडीक पवनचक्की, तिच्या चाकाच्या खोबणीत घरटं केलेली पाखरं आणि एका रात्रीचं वादळ, एवढंच. काचेच्या थरांवर दृश्य मांडून वरून टिपणारा मल्टिप्लेन कॅमेरा या पटात वापरला गेला. काचांमधल्या अंतराने सपाट चित्राला खोली आली, हे सगळेच सांगतात. पण वादळ खरं वाटायला अंतर पुरत नाही. त्याला वेळेतली तफावतही लागते.

पावसाचंच बघा. मोठा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने पडतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत तो साधारण 37.5 सेंटिमीटर खाली आलेला असतो. म्हणून थेंब काढत नाहीत, रेघ काढतात. जवळच्या थरावर लांब, विरळ, वेगवान रेघा; दूरच्या थरावर आखूड, दाट, संथ. रेघांची मोजकीच चित्रं काढून ती आलटून पालटून फिरवता येतात. पावसाचे तीन थर असतील आणि तिन्हींची फेरी 8 फ्रेमचीच ठेवली, तर सेकंदात तीनदा तोच पाऊस पडतो आणि डोळा ते लगेच ओळखतो. फेऱ्या 7, 11 आणि 13 फ्रेमच्या केल्या, तर तिन्ही थर पुन्हा पहिल्यासारखे जुळायला 1001 फ्रेम लागतात, म्हणजे सुमारे 42 सेकंद. तोवर दृश्य बदललेलं असतं. आणखी एक सापळा आहे: समान अंतरावरच्या रेघा दर फ्रेमला नेमक्या तेवढ्याच अंतराने खाली सरकवल्या, तर पाऊस पडतच नाही, जागीच लटकून राहतो.

वारा मात्र काढताच येत नाही. तो ज्यांना हलवतो त्यांच्या उशिरातूनच कळतो. डावीकडून झोत आला की आधी गवत लवतं, काही फ्रेमनंतर झुडूप, मग झाड. झाडातही बुंधा जेमतेम हलतो, फांदी त्याच्यामागून जाते, आणि फांदी परतू लागली तरी शेंड्याची पानं अजून पुढेच ओढली जात असतात. सगळं एकदम वाकलं की झाड पुठ्ठ्याचं दिसतं. पावसालाही याच वाऱ्याचा हिशेब पाळावा लागतो: आडवा वारा थेंबाच्याच वेगाचा असेल, तर रेघा 45 अंशांनी तिरक्या हव्यात. झाड वाकलेलं आणि पाऊस सरळ असेल, तर प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण विश्वास उडतो.

उजेडाचंही तसंच. विजेचा लखलखाट एकदोन फ्रेमचा. पण त्याआधी रंग हळूहळू उतरवत नेलेले नसतील, तर तो चित्रीकरणातला दोष वाटतो.

‘द ओल्ड मिल’मध्ये चक्कीचं चाक दोराने बांधलेलं आहे. लव्हाळे डोलतात, मग चक्कीची पाती ताणली जातात, मग दोर तुटतो. घरट्याकडे निघालेला वारा आपल्याला पाखरांआधीच दिसलेला असतो, आणि भीती नेमकी त्या मधल्या वेळात दाटते. वादळ किती जोराचं आहे, यापेक्षा ते कोणत्या क्रमाने येतं, हे ठरवणं चित्रकाराचं खरं काम आहे.