पहिल्या मसुद्यावरचा अभिप्राय

एखाद्या व्यासंगी अभ्यासकाने संशोधनपत्रिकेसाठी लिहिलेल्या पहिल्याच लेखाचा मसुदा हाती आला, की आपली लेखणी सहजच ऱ्हस्वदीर्घाकडे धावते. परंतु ज्या परिच्छेदाची भाषा आपण कष्टाने सुधारली तो युक्तिवादाच्या तपासणीत टिकणारच नसेल, तर ते श्रम तर व्यर्थ जातातच, शिवाय आपला सिद्धान्त मान्य झाला, उरली ती केवळ सफाई, असा लेखकाचा गैरसमज होतो.

समजा, विषय १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, आणि लवकरच हे लोण अहमदनगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर या भागांतही पोहोचले. लेखकाचे प्रतिपादन असे, की सरकारने फेरआकारणीत सारा वाढविला म्हणूनच हे दंगे उसळले. आणि पुरावा म्हणून त्याने १८६७ मधील इंदापूरच्या फेरआकारणीचे आकडे व दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल परिश्रमपूर्वक मांडला आहे.

अशा मसुद्यावर मी प्रथम एकच गोष्ट करावी असे मानतो: लेखकाचा सिद्धान्त आपल्या शब्दांत, एका वाक्यात लिहून त्याच्याकडे पाठवावा आणि हेच तुम्हांला म्हणावयाचे आहे काय, असे विचारावे. पुष्कळदा उत्तर 'अगदी असे नव्हे' असे येते, आणि खरा सिद्धान्त लेखाच्या शेवटच्या पानांत दडलेला सापडतो.

त्यानंतर पुराव्याचा प्रश्न. आकारणीची मुदत तीस वर्षांची असे. अहमदनगर जिल्ह्यात पहिली आकारणी १८४८ नंतर सुरू झाली असल्यामुळे १८७५ मध्ये तेथे ती मुदत संपलेलीच नव्हती. मग जेथे सारा वाढलाच नाही तेथे खते का जळली? लेखकाने जमविलेले आकडे सर्वस्वी बरोबर असूनही त्याचा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. कारण त्याने केवळ सारा वाढलेली गावे पाहिली, न वाढलेली पाहिली नाहीत. समासात 'पुरावा अपुरा' एवढाच शेरा मारला, तर तो इंदापूरचेच आणखी दहा आकडे आणून ठेवील. अहमदनगरचे नाव घेऊन विचारले, तर त्याला दप्तरात कोठे पाहावयाचे ते कळेल.

नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व अतिरंजित झाल्याचे प्रतिपादन केले. मसुद्यात त्यांचे नाव टिपेत येते, त्यांच्या आक्षेपाला उत्तर मात्र नाही. पत्रिकेचा परीक्षक नेमके तेच मागणार.

येथे मार्गदर्शकाने स्वतःचा सिद्धान्त पुढे करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लेखक आपले विधान पुणे जिल्ह्यापुरते मर्यादित करील, किंवा साऱ्यापेक्षा सावकारांनी आखडलेल्या पतपुरवठ्याला प्रधान कारण मानून दोन्ही जिल्ह्यांची संगती लावू पाहील. दुसरा मार्ग पत्करल्यास कर्ज नाकारल्याचा पुरावा त्याला अहमदनगरच्या गावांतूनही स्वतंत्रपणे काढावा लागेल. निवड त्याची आहे, आणि ती होईपर्यंत ऱ्हस्वदीर्घ थांबू शकतात.