त्या दिवशीचे सहा चाळीस

समजा, पुण्यातल्या एका जन्मनोंदीत लिहिले आहे : १५ ऑगस्ट १९४३, रविवार, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. ही वेळ संगणकाला द्यायची आहे. संगणक आत सगळे क्षण जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत मोजतो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते, हे आपल्याला पाठ आहे. म्हणून ६.४० मधून साडेपाच तास वजा केले की १ वाजून १० मिनिटे येतात. वजाबाकी बिनचूक आहे आणि उत्तर एक तासाने चुकलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली वेळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. ज्योतिषी मंडळी याला ‘वॉर टाइम’ म्हणतात आणि त्या वर्षांतली पत्रिका मांडताना एक तास वजा करतात. जन्म झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस वाजले होते, ही नोंद खरीच आहे. पण ते घड्याळ १९४३ च्या नियमाने चालत होते, म्हणून वजाही साडेसहा तासच करायला हवेत. खरा क्षण आहे यूटीसीचे ० वाजून १० मिनिटे. आजच्या घड्याळाने तेव्हा पाच चाळीसच वाजले असते.

एका तासाने एवढे काय बिघडते, असे वाटेल. ऑगस्टच्या मध्याला पुण्यात सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासहाच्या सुमारास उगवतो. पाच चाळीसचा जन्म सूर्योदयाच्या आधीचा, सहा चाळीसचा नंतरचा. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. त्यामुळे खऱ्या क्षणी पंचांगाचा शनिवार अजून संपलेला नव्हता, आणि चुकीच्या हिशेबाने रविवार लागलेला दिसतो. सूर्योदयापासून घटी मोजल्या तर एका हिशेबाने साडेअठ्ठावन्नच्या आसपास येतात, दुसऱ्याने जेमतेम एक. सूर्य त्या दिवशी कर्केच्या शेवटच्या अंशांत होता, म्हणून लग्नही एकीकडे कर्क आणि दुसरीकडे सिंह. पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, त्या एका तासात पूर्वक्षितिजावरचे आकाश सुमारे पंधरा अंश सरकलेले असते, ही साधी खगोलाची गोष्ट आहे.

याच गोष्टीचा ताळा म्हणून फार चांगला उपयोग होतो. घरात त्या वेळची हाताने लिहिलेली पत्रिका असेल, तिच्यात ‘शनिवार, सूर्योदयात् गत घटी ५८’ असे काही असेल आणि दवाखान्याच्या कागदावर ‘रविवार, ६.४०’ असेल, तर कुणाला वाटेल की दोन्हींपैकी एक कागद खोटा आहे. साडेसहा तासांचा नियम लावून पाहा, दोन्ही कागद एकाच क्षणाबद्दल बोलू लागतात. साडेपाचाने ते कधीच जुळत नाहीत. सूर्याला सरकारी आदेश लागू होत नाही. म्हणून जुन्या वेळेसोबत ‘उजाडताना’, ‘दिवेलागणीला’ असा नुसता शब्द जरी लिहिलेला असला, तरी तो मला मिनिटांपर्यंत लिहिलेल्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

संगणकाला हे जुने नियम माहीत नसतात असे नाही. जगभरच्या घड्याळांच्या बदलांची एक सामाईक नोंदवही आहे, तिला टीझेड डेटाबेस म्हणतात. लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, पायथन, जावा यांचा वेळेचा हिशेब तिच्यावरच चालतो. कुठल्या ठिकाणी, कोणत्या तारखेपासून, घड्याळ यूटीसीपासून किती अंतरावर होते, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. भारतासाठी तिच्यात एकच विभाग आहे, त्याचे नाव `Asia/Kolkata`. नियम विचारायचा तो या नावाने, आणि त्या तारखेसह :

```python
from datetime import datetime, timezone
from zoneinfo import ZoneInfo

t = datetime(1943, 8, 15, 6, 40,
             tzinfo=ZoneInfo("Asia/Kolkata"))
print(t.utcoffset())               # 6:30:00
print(t.astimezone(timezone.utc))  # 1943-08-15 00:10:00+00:00
```

इथे `ZoneInfo("Asia/Kolkata")` च्या जागी कुणी `+05:30` असा ठरीव फरक लिहिला, तर प्रोग्रॅम विनातक्रार चालेल आणि ०१:१० सांगेल. `+05:30` हा नुसता आकडा आहे, त्याला तारीख कळत नाही. `Asia/Kolkata` या नावामागे त्या जागेच्या घड्याळाचा इतिहास आहे. आपल्याकडे ही चूक जास्त होते, कारण या नोंदवहीप्रमाणे १९४५ नंतर भारताची प्रमाणवेळ हललेलीच नाही. आयुष्यभर साडेपाचच पाहिलेल्या प्रोग्रॅमरला तो फरक निसर्गनियमासारखा वाटतो.

एके काळी तर ही चूक नियमातच लिहिलेली होती. जावास्क्रिप्टच्या जुन्या प्रमाणग्रंथात, अगदी पाचव्या आवृत्तीपर्यंत, असे सांगितले होते की उन्हाळी वेळ ठरवताना त्या तारखेला खरोखर काय होते हे शोधू नका, आजचा नियम तेव्हा असता तर काय झाले असते ते पाहा. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत ते बदलले. त्याआधी जमा झालेली माहिती मात्र आपोआप दुरुस्त होत नाही.

आणि तिच्यातली चूक दिसतही नाही. आजच्या नियमाने आत घातलेली जुनी वेळ आजच्याच नियमाने बाहेर काढली, तर पडद्यावर पुन्हा सहा चाळीसच उमटतात. जाताना खाल्लेला तास येताना परत मिळतो. आतला क्षण चुकलेला आहे हे उघड होते ते माहिती दुसऱ्या प्रणालीत नेल्यावर. ती जुना नियम पाळणारी असेल, तर तिथे सात चाळीस दिसतात. अशा तक्रारी आल्या की मी आधी तारखा लावून पाहीन. फरक नेमका एक तासाचा आहे, ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ आणि सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या दोनच पट्ट्यांत आहे आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे सगळे ठीक आहे, असे दिसले तर दुसरे कारण शोधायची गरज नाही.

या नोंदवहीची मर्यादा मुंबईत लक्षात येते. १९०६ च्या सुरुवातीला प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली स्थानिक वेळ सोडली नाही. ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, आणि १९५५ पर्यंत ती शहरात टिकून होती. रेल्वेचे घड्याळ एक, शहराचे दुसरे. टीझेड डेटाबेसमध्ये मुंबईची वेगळी नोंद नाही, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळे सारखी चालली त्या ठिकाणांना तो वेगळे नाव देत नाही. १९७० च्या आधीची माहिती जमेल तशी गोळा केलेली आहे. `Asia/Kolkata` मध्ये ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ असाही जादा तासाचा एक तुकडा आहे, तो कोलकात्याच्या घड्याळाचा. पुण्याच्या कागदाला तो डोळे झाकून लावू नये.

म्हणून १९३५ च्या मुंबईतल्या नोंदीला या नोंदवहीवर चालणारे सॉफ्टवेअर आपणहून बरोबर उत्तर देईलच असे नाही. कागदावर ‘स्टॅं. टा.’ लिहिले आहे की ‘मुं. टा.’ हे वाचावे लागते. काहीच लिहिले नसेल, तर ३९ मिनिटांच्या अंतराने दोन्ही शक्यता मांडून ठेवाव्या लागतात. अशा नोंदी साठवताना मी यूटीसीच्या आकड्यासोबत मूळ वेळ जशीच्या तशी, गावाचे नाव, लावलेला नियम आणि डेटाबेसची आवृत्ती, हे सगळे ठेवीन. जुन्या वर्षांच्या ओळी अधूनमधून दुरुस्त होतात, आणि तसे झाले की मूळ कागदावरच्या सहा चाळीसपासून हिशेब पुन्हा करता येतो.